तेजीवाल्याचे व्याज

मुंबई शेअर बाजारात २००१ पर्यंत शनिवारी एक वेगळे सत्र भरत असे. आठवडाभर झालेल्या सौद्यांचा हिशेब शुक्रवारी बंद होई. मग ज्यांनी शेअर घेऊन ठेवले पण पैसे भरायचे नव्हते किंवा भरता येत नव्हते, असे तेजीवाले आपले सौदे पुढच्या हिशेबात ढकलायला उभे राहत. समोर असे पैसेवाला. तेजीवाल्याच्या वतीने तो पैसे भरी, शेअर आपल्याकडे अडकवून ठेवी आणि पुढच्या हिशेबापर्यंतचे व्याज घेई. या व्याजाला बाजार बदला म्हणे. शेअर वर जातो की खाली, याच्याशी बदला लावणाऱ्याला फारसे देणेघेणे नसे. त्याचा धंदा सावकारीचा. जुलै २००१ मध्ये सेबीने बदला पद्धत बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअर बाजारात एकेका कंपनीच्या शेअरचे वायदे, म्हणजे फ्युचर्स, सुरू झाले. पद्धत गेली, पण गरज गेली नाही. उसन्या पैशावर तेजी करू पाहणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. बदला लावणाऱ्या सावकाराच्या जागी आता जे बसले आहेत, त्यांतले एक मोठे नाव म्हणजे आर्बिट्राज फंड.

या पुस्तकाचा विषय हा फंड आहे, आणि पहिल्याच पानावर बदल्याची आठवण काढण्याचे कारण आहे. आर्बिट्राज फंडाची ओळख साधारणपणे ‘दोन बाजारांतल्या भावफरकाचा फायदा घेणारी योजना’ अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण तिने वाचकाचा समज भलतीकडे जातो. कुणाच्या तरी नजरेतून सुटलेला फरक चलाख फंड व्यवस्थापक चपळाईने टिपतो, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात हा फरक कुणाच्या नजरेतून सुटलेला नसतो. तो भाव सर्वांना दिसत असतो आणि तो मोजणारा माणूस समजून उमजून मोजत असतो, कारण त्याला पूर्ण पैसे न भरता शेअरची तेजी हवी असते. फंडाला मिळते ते या तेजीवाल्याचे व्याज. एवढे पक्के धरले की फंडाचा परतावा कधी वाढतो, कधी आटतो आणि कधी नाहीसा होतो, याची उत्तरे बरीचशी आपोआप सापडतात.

आता यंत्रणा पाहू. रोख बाजारात शेअर घ्यायचा तर पूर्ण किंमत मोजावी लागते. तोच शेअर वायद्यात घ्यायचा तर किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे मार्जिन ठेवले की पुरते. ते शेअरच्या चढउतारानुसार कमीजास्त होते. दोन लाख हाताशी असलेला माणूस असा दहा लाखांच्या शेअरवर डाव लावू शकतो. पण त्याला वायदा विकणाऱ्याने काय करावे? भाव वाढला तर विकणारा बुडेल. म्हणून तो तेवढेच शेअर आजच रोखीत विकत घेऊन ठेवतो. त्याचे पैसे महिनाभर अडकतात, आणि अडकलेल्या पैशाचे व्याज तो वायद्याच्या भावात मिळवून घेतो. त्यामुळे वायदा एरवी रोख भावापेक्षा थोडा वर असतो. हा फरक अल्प मुदतीच्या व्याजदराच्या आसपास घुटमळतो. तो फार रुंदावला तर सावकारी करायला आणखी पैसा येतो. फार अरुंद झाला तर तो पैसा उठून दुसरीकडे जातो.

एक सौदा पायरीपायरीने करून पाहू. समजा, एका कंपनीचा शेअर रोखीत १,००० रुपयांना आहे आणि महिनाभराने संपणारा वायदा १,००६ ला. वायद्याचा लॉट ७०० शेअरचा. फंडाकडे १० लाख रुपये आहेत. त्यातल्या सात लाखांचे ७०० शेअर फंड विकत घेतो आणि त्याच क्षणी एक लॉट वायद्यात विकतो. शेअरमागे सहा रुपये, म्हणजे एकूण ४,२०० रुपये, त्या क्षणी ठरून गेले. महिनाअखेर शेअर १,१०० झाला, तर शेअरवर ७०,००० मिळाले आणि वायद्यात ९४ रुपयांच्या हिशेबाने ६५,८०० गेले; उरले ४,२००. शेअर ८८० वर कोसळला, तर शेअरवर ८४,००० गेले, वायद्यात १२६ च्या हिशेबाने ८८,२०० आले. उरले पुन्हा ४,२००. सात लाखांवर महिन्याला ४,२०० म्हणजे वर्षाला सात टक्क्यांच्या थोडे वर.

दोन्ही वेळा आकडा तोच आला, कारण महिनाअखेर वायद्याचा आणि शेअरचा भाव एक होतो. हा योगायोग नव्हे, नियमच तसा आहे. वायद्याचा अखेरचा भाव म्हणजे त्या दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासातला रोख बाजाराचा भारित सरासरी भाव. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर वायद्यांची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. त्यामुळे ज्याच्या हातात शेअर आहेत तो ते सरळ देऊन मोकळा होऊ शकतो. राष्ट्रीय शेअर बाजारात हा दिवस पूर्वी महिन्याचा शेवटचा गुरुवार असे. सप्टेंबर २०२५ पासून तो शेवटचा मंगळवार झाला.

आता या ४,२०० रुपयांतून काय काय कापले जाते ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. शेअर घेताना ०.१ टक्का आणि विकताना पुन्हा ०.१ टक्का व्यवहार कर, म्हणजे एसटीटी. सात लाखांवर हे दोनदा मिळून जवळपास १,४०० रुपये. वायदा विकताना ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झालेल्या ०.०२ टक्के दराने १४१ रुपये. म्हणजे दर महिन्याला सौदा उभा करायचा आणि मोडायचा म्हटले तर मिळकतीचा तिसऱ्यापेक्षा मोठा हिस्सा सरकारजमा. म्हणून फंड शेअर हलवतच नाही. महिना संपत आला की जुना वायदा परत घेतो आणि पुढच्या महिन्याचा विकतो. याला रोलओव्हर म्हणतात. शेअर तेच राहतात, खर्च येतो तो १४१ रुपयांचा.

रोलओव्हरचा आठवडा म्हणजे आजच्या काळातले ते शनिवारचे सत्र. तेजीवाल्यालाही आपला सौदा पुढे न्यायचा असतो, म्हणजे जुना वायदा विकून पुढचा घ्यायचा असतो. फंडाला नेमके उलटे करायचे असते. दोन महिन्यांच्या वायद्यांतला फरक किती, यावर घासाघीस चालते आणि पुढच्या महिन्याचे व्याज तिथेच ठरते. सगळे फंड शेवटच्या दोन दिवसांसाठी थांबले, तर पैसे लावणाऱ्यांचीच झुंबड उडते आणि दर पडतो. त्यामुळे कसलेला व्यवस्थापक आठवडाभर आधीपासून थोडे थोडे सौदे पुढे सरकवू लागतो. शेअर निवडण्याचे कसब या फंडात जवळजवळ लागत नाही. कुठल्या शेअरमध्ये तेजीवाला किती घायकुतीला आला आहे आणि आपण कधी पुढे जायचे, हे ओळखण्याचे कसब लागते.

उरलेल्या तीन लाखांचे काय? ते नुसते पडून नसतात. काही भाग बँकेतल्या मुदत ठेवीच्या रूपाने वायद्याच्या मार्जिनसाठी तारण असतो. काही भाग लगेच मोकळा होईल असा, ट्रेझरी बिलांत किंवा लिक्विड फंडात असतो. हा मोकळा पैसा लागतो, कारण वायद्याचा हिशेब रोजच्या रोज रोखीत चुकता होतो. आपल्या उदाहरणात महिन्याच्या मध्यावर शेअर १,०८० आणि वायदा १,०८४ झाला, तर तोपर्यंत फंडाने ५४,६०० रुपये खरोखर भरलेले असतात. शेअरवरचा ५६,००० चा नफा मात्र कागदावर असतो. बाजार फार जोरात वर गेला आणि मोकळा पैसा संपत आला, तर काही शेअर विकून तेवढे वायदे परत घ्यावे लागतात. तोटा होतोच असे नाही, पण ठरलेली कमाई अर्ध्यावर सोडावी लागते.

या तीन लाखांवर सहा टक्के व्याज धरू, म्हणजे महिन्याला १,५००. वायद्याच्या करानंतर उरलेल्या ४,०५९ मध्ये ते मिळवले की दहा लाखांवर ५,५५९ होतात. दर महिना असाच गेला तर वर्षाला ६.६७ टक्के. यातून फंडाचा स्वतःचा खर्च जातो. रेग्युलर योजनेत तो एक टक्का असेल तर हातात ५.६७ टक्के, डायरेक्ट योजनेत ०.४ टक्का असेल तर ६.२७. दलाली आणि शेअर पहिल्यांदा घेतानाचा कर मी इथे सोडून दिला आहे. तो धरला तर आकडा आणखी थोडा खाली येईल. मूळ मिळकतच इतकी बारीक असते की खर्चातला अर्धा टक्का इथे जेवढा टोचतो तेवढा साध्या इक्विटी फंडात टोचत नाही. वितरकाने सांगितलेली रेग्युलर योजना घेण्यापूर्वी या दोन आकड्यांतले अंतर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘जोखीम नाही’ असे या फंडाबद्दल सर्रास बोलले जाते. जोखीम कमी आहे हे खरे, पण ती कुठे आहे ते पाहिले पाहिजे. ४,२०० रुपये पक्के आहेत ते महिनाअखेरचे. वाटेत फंडाची एनएव्ही रोजच्या भावाने मोजली जाते. सौदा केल्याच्या दुसऱ्या दिवशी तेजी चढली आणि फरक सहावरून नऊ रुपये झाला, तर फंडाला शेअरमागे तीन रुपये, एकूण २,१०० रुपये तोटा दिसतो. दहा लाखांवर तो ०.२१ टक्का. पुढच्या दिवसांत फरक शून्याकडे येताना हा तोटा भरून निघतो, पण तेवढ्यात ज्याने पैसे काढले त्याच्यासाठी तो खराच असतो. बाजारात उत्साह असताना या फंडाची एनएव्ही मध्येच किंचित खाली जाते आणि लोक बुचकळ्यात पडतात, त्याचे कारण हे. आठदहा दिवसांसाठी पैसे ठेवायला ही जागा नाही. बऱ्याच योजना महिन्याच्या आत पैसे काढल्यास पाव टक्क्याच्या आसपास निर्गमन शुल्क लावतात, तेही याच कारणाने योग्य आहे.

याची उलटी बाजू जास्त उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने बाजार कोसळला. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. तेजीवाले नाहीसे झाले, वायदा विकणारेच उरले आणि बऱ्याच शेअरचे वायदे रोख भावाच्या खाली गेले. त्यात सेबीने वायद्यांतल्या सौद्यांवरच्या मर्यादा कडक केल्या. अशा वेळी आर्बिट्राज फंड बुडायला हवा असे वाटते. पण ज्याचा सौदा आधीच उभा आहे त्याची तर चांदी होते. सहा रुपये वर विकलेला वायदा चार रुपये खाली आला, तर शेअर विकून वायदा परत घेणाऱ्याला सहाऐवजी दहा रुपये सुटतात, आणि तेही महिनाअखेरीची वाट न बघता. अडचण नंतर सुरू होते. हातात पैसे आहेत, पण व्याज द्यायला कुणी नाही. वायदा खाली असताना उलटा सौदा, म्हणजे शेअर विकून वायदा घेणे, करता आला असता. पण आपल्या रोख बाजारात हातात नसलेला शेअर दिवसभरापुरताच विकता येतो, आणि शेअर उसने घेण्याची सोय असली तरी तिथे उलाढाल फार थोडी आहे. बदल्याच्या काळात मंदीवाले जास्त झाले की ‘उंधा बदला’ होई आणि व्याजाची दिशा उलटे. फंडाला ती वाट जवळपास बंद आहे. म्हणून पडझडीनंतरचे महिने या फंडाला पडझडीपेक्षा जास्त कोरडे जातात.

वायदा खाली दिसला म्हणजे दर वेळी मंदीच असते असे मात्र नाही. कंपनी त्या महिन्यात शेअरमागे १२ रुपये लाभांश देणार असेल, तर १,००० च्या शेअरचा वायदा ९९४ ला दिसेल. लाभांश शेअर धरणाऱ्याला मिळतो, वायदा घेणाऱ्याला नाही, म्हणून तो भावातून आधीच वजा झालेला असतो. फंडाला वायद्यात सहा रुपये कमी मिळाले आणि लाभांशाचे बारा मिळाले. व्याज तेच, सहा रुपये.

मंदीइतकेच दुसरे संकट म्हणजे सावकारांची गर्दी, आणि ही गर्दी प्रामुख्याने करामुळे झाली आहे. ज्या फंडाचे किमान ६५ टक्के पैसे भारतीय कंपन्यांच्या शेअरमध्ये असतात, त्याला आयकर इक्विटी फंड समजतो. शेअरच्या जोडीला वायदा विकून जोखीम पुसून टाकली आहे की नाही, हे कायदा विचारत नाही. सेबीच्या २०१७ च्या वर्गवारीतही आर्बिट्राज फंडासाठी ६५ टक्क्यांचीच अट आहे. मिळकत व्याजाची, कर शेअरचा, अशी ही सोय. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के आणि वर्षानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावर ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्याने कर लागू लागला. वरच्या टप्प्यातल्या लोकांचा आणि कंपन्यांचा पैसा मग इकडे वळला, आणि २०२५ मध्ये या फंडांची एकत्रित मालमत्ता दोन लाख कोटी रुपयांच्या पलीकडे गेली.

३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीतून उपकर सोडूनही ४.५५ टक्केच उरतात. आपल्या उदाहरणातल्या डायरेक्ट योजनेतून वर्षानंतर साडेबारा टक्के कर देऊनही जवळपास साडेपाच उरतात. पण पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या निवृत्त शिक्षिकेने सहा महिन्यांत पैसे काढले, तर तिला नफ्यावर २० टक्के कर बसतो आणि तिची ठेवच बरी होती असे दिसते. तिने वर्षभर थांबून सव्वा लाखाची सवलत वापरली, तर गोष्ट वेगळी. हा फंड कुणासाठी, या प्रश्नाचे उत्तर परताव्याच्या तक्त्यात नाही. ते आपल्या कराच्या टप्प्यात आणि थांबण्याच्या तयारीत आहे.

गर्दीचा परिणाम असा की तेजीवाले तेवढेच आणि सावकार मात्र वाढलेले. शिवाय फंडाला हात बांधून बसता येत नाही. नवे पैसे आले की ६५ टक्क्यांची सरासरी राखायला शेअर घ्यावेच लागतात आणि वायदा मिळेल त्या भावाला विकावा लागतो. सहाचा फरक पाचावर, पाचाचा साडेचारावर येतो. म्हणून गेल्या वर्षीचा उत्तम परतावा पाहून सगळ्यांनी मिळून केलेली गुंतवणूक स्वतःच पुढच्या वर्षीचा परतावा खाऊ शकते. फार मोठ्या फंडाला आणखी एक जाच असतो. वायदे असलेल्या कंपन्या मोजक्याच आहेत, प्रत्येकीत किती सौदे करता येतील याला मर्यादा आहे, आणि एखाद्या शेअरमधले एकूण सौदे मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेले की त्यात नवा सौदा बंद होतो.

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत रोलओव्हर, कर आणि योजनांची तुलना सविस्तर येईल. त्याआधी वाचकाने एखाद्या आर्बिट्राज फंडाचा मासिक पोर्टफोलिओ उघडून समोर ठेवावा. फंडाला तो दर महिन्याला जाहीर करावा लागतो. त्यात प्रत्येक कंपनी दोनदा दिसेल. एकदा शेअर म्हणून, समजा ४.१० टक्के, आणि खाली फ्युचर म्हणून, उणे ४.१२ टक्के. उणे बाजूचा आकडा किंचित मोठा असतो, कारण तेवढ्याच शेअरचा वायदा थोड्या चढ्या भावाने मोजलेला असतो. हा किंचित जास्तीचा भाग म्हणजेच अजून हाती यायचे व्याज. सगळ्या ओळींत तो बारीक झाला असेल, तर पुढचा महिना बेताचा जाणार. एखाद्या शेअरसमोर उणे आकडाच नसेल, तर तो शेअर उघडा आहे आणि तिथे फंड सावकारी सोडून तेजी करतो आहे, असे समजावे. मग शेवटी रोख्यांची आणि ठेवींची यादी पाहावी. तिथे सरकारी बिले, मोठ्या बँकांच्या ठेवी आणि त्याच घराण्याचा लिक्विड फंड असेल तर पुढे जावे. अनोळखी कंपनीचे जास्त व्याजाचे कागद असतील, तर ही जोखीम कोणत्या वायद्याने झाकली आहे, हे फंड घराण्याला लेखी विचारावे.